ऐंशी बॅगा कमी पडल्या तेव्हा

सिमेंटच्या दुकानात तुम्ही भाव विचारता आणि डीलर सांगतो. पण ती बॅग त्याला स्वतःला कितीला पडली, हे त्या दिवशी त्यालाही नक्की माहीत नसतं. कंपनीच्या बिलावर एक दर छापलेला असतो. त्यातून पैसे लवकर भरल्याची सूट जाते, महिन्याच्या उचलीवरची सूट जाते, आणि तिमाही संपल्यावर स्कीमचे पैसे येतात, तेही बसले तर. हे सगळं वजा झाल्यावर खरी पडतळ कळते. तोवर ती बॅग कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन सुकलेली असते.

या धंद्यात बॅगेमागे सुटणारी रक्कम इतकी बारीक असते की बऱ्याच डीलरांचा नफा म्हणजे स्कीमच. म्हणून कंपनीचा माणूस नवी स्कीम डीलरला कशी समजावतो, याला महत्त्व येतं. सहसा तो हे काम एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये करतो. पडद्यावर तक्ता, खाली शंभर खुर्च्या, मागे जेवणाचा वास. डीलर घरी जातो तेव्हा तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा त्याच्या लक्षात असतो आणि खालच्या बारीक अक्षरातल्या अटी कंपनीच्या फाइलमध्ये असतात. तिमाहीच्या शेवटी होणारी भांडणं दराच्या आकड्यावरून फारशी होत नाहीत. कोणता माल धरायचा, कोणती तारीख धरायची आणि पैसे कधी पोहोचले असं मानायचं, यावरून होतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. स्कीम मी रचलेली आहे, पण तिच्यातली प्रत्येक अट बाजारात रोज भेटणारी आहे. काळ ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५. पावसाळा संपून बांधकामं पुन्हा सुरू होण्याची ही तिमाही. मधले दिवाळीचे दिवस मजूर गावी गेल्यामुळे थंड जातात आणि नोव्हेंबरपासून उचल वाढते. शिवाय २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. दर नुकतेच हलले होते आणि पडतळीचा हिशेब सगळ्यांनाच नव्यानं मांडावा लागत होता.

स्कीम अशी. तिमाहीत ३०० टन उचल झाली तर बॅगेमागे ४ रुपये, ४५० टन झाली तर ७ रुपये, ६०० टन झाली तर १० रुपये. पन्नास किलोची बॅग, म्हणजे टनाला २० बॅगा. दर सरसकट, म्हणजे ज्या स्लॅबला पोहोचाल त्याचा दर पहिल्या बॅगेपासून लागू. रक्कम जीएसटी सोडून. हे शेवटचं वाक्य छोटं आहे, पण विचारून घ्यावं. हेच १० रुपये जीएसटी धरून दिलेले असतील तर १८ टक्क्यांच्या हिशेबानं हातात ८ रुपये ४७ पैसे उरतात.

आता समजा, फलटण तालुक्यातला एक डीलर आहे. त्याच्या वहीप्रमाणे तिमाहीत ६४० टन माल आला. ६४० टन म्हणजे १२,८०० बॅगा. त्यानं १० रुपयांनी गुणलं आणि १,२८,००० रुपये येणार असं धरून ठेवलं. जानेवारीच्या शेवटी खात्यावर आले ८३,४४०. बाकीचे ४४,५६० कुठे गेले?

पहिले २४ टन नॉन-ट्रेडमध्ये गेले. सिमेंटचा बाजार दोन भागांत चालतो. दुकानातून घर बांधणाऱ्याला जातो तो ट्रेडचा माल. रस्त्याचा ठेकेदार, मोठा बिल्डर, कारखाना यांना थेट स्वस्त दरानं जातो तो नॉन-ट्रेड. त्या बॅगेवर किरकोळ विक्रीसाठी नाही असं सहसा छापलेलंच असतं. आपल्या डीलरनं एका ठेकेदाराची ऑर्डर कंपनीला मिळवून दिली आणि बिलिंग त्याच्याच खात्यावर झालं, म्हणून ते टन त्यानं आपल्या वहीत धरले. कंपनीचं म्हणणं असं की त्या मालाला आधीच कमी दर दिलेला आहे, त्यावर पुन्हा स्कीम नाही. हे म्हणणं चूक नाही. मात्र स्कीमच्या पत्रात ‘पात्र उत्पादने’ या शीर्षकाखाली फक्त पीपीसी आणि ओपीसी एवढंच लिहिलेलं असेल, तर नॉन-ट्रेडही पीपीसीच असतं. डीलरचा गैरसमज होणं साहजिक आहे.

उरले ६१६ टन. अजून तो ६०० च्या वर आहे.

मग शेवटची गाडी. ३० डिसेंबरला संध्याकाळी डीलरनं साहेबांना व्हॉट्सॲपवर ‘एक गाडी पाठवा’ असं कळवलं. साहेबांनी अंगठा दाखवला. ऑर्डर कंपनीच्या ॲपवर चढली ३१ तारखेला सकाळी. वर्षअखेर असल्यामुळे सोलापूरकडच्या युनिटच्या गेटवर गाड्यांची रांग लागलेली. गाडी भरून काट्यावर आली आणि बिल निघालं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. बिलावर तारीख पडली १ जानेवारी २०२६. वीस टनांची गाडी गेली. उरले ५९६ टन.

पूर्वी अशा वेळी ‘तारखेचं सांभाळून घेऊ’ असं म्हटलं जायचं, आणि सांभाळलंही जायचं. आता बिल निघताना ई-इन्व्हॉइसचा क्रमांक सरकारी पोर्टलवरून येतो आणि मागोमाग ई-वे बिल तयार होतं. दोन्हींवर वेळेची नोंद असते. तारीख मागे न्यायला कुणाच्या हातात काही राहिलेलं नाही. तरी डीलरांच्या मनातला जुना भरवसा गेलेला नाही, आणि काही सेल्सवाले तो जाऊही देत नाहीत, कारण ३१ तारखेला त्यांचंही टार्गेट तुटत असतं.

५९६ टन म्हणजे ११,९२० बॅगा. स्लॅब ४५० चा, दर ७ रुपये, रक्कम ८३,४४०. फक्त ४ टन, म्हणजे ऐंशी बॅगा कमी पडल्या. त्या असत्या तर १२,००० बॅगांवर १० रुपयांनी १,२०,००० झाले असते. फरक ३६,५६० रुपयांचा. ऐंशीनं भागा: बॅगेमागे ४५७ रुपये. बॅगेच्या किमतीपेक्षा जास्त. हिशेबानं पाहिलं तर त्या ऐंशी बॅगा विकत घेऊन फुकट वाटल्या असत्या तरी डीलर फायद्यात राहिला असता.

सरसकट स्लॅबचा सगळा जोर या ठिकाणी आहे. हीच स्कीम टप्प्यानं दिली असती, म्हणजे पहिल्या ३०० टनांना ४, पुढच्या १५० टनांना ७ आणि त्यापुढच्या मालाला १०, तर ऐंशी बॅगा कमी पडल्याचं नुकसान फक्त ८०० रुपये झालं असतं. कंपन्या टप्प्याची स्कीम क्वचित देतात. शेवटच्या आठवड्यात डीलरनं धावपळ करावी हीच त्यांची इच्छा असते, आणि डीलर करतोही. उंबरठ्यावर उभा असलेला माणूस गरज नसलेली गाडी उतरवून घेतो, ती गोदामात मावत नाही, मग शेजारच्या गावातल्या सब-डीलरला बिलापेक्षा कमी दरात ढकलतो. दुसऱ्या दिवशी तालुक्याचा भाव पडतो. माझ्या मते सरसकट स्लॅब ज्यानं शोधला त्यानं कंपन्यांचा वर्षअखेर सोपा केला आणि बाजाराचा जानेवारी बिघडवला. सिमेंट कपाटात ठेवायचा माल नव्हे. बॅगेवर पॅकिंगचा आठवडा छापलेला असतो आणि तीन महिन्यांनंतर त्या मालाची ताकद कमी होऊ लागते. गोदामात ओल असेल तर त्याच्याही आधी गठ्ठे होतात.

आपल्या डीलरचं नुकसान खात्यातल्या आकड्यापुरतं राहिलं नाही. १० रुपये येणारच असं धरून त्यानं तिमाहीभर बॅगेला ६ रुपये आधीच सोडले होते. शेजारचा सोडतो, मग आपण कसं नाही? त्याच्या मनातल्या हिशेबानं बॅगेमागे ४ रुपये उरणार होते. प्रत्यक्षात ७ आले आणि उरला १ रुपया.

आता कंपनीच्या माणसाच्या बाजूनं पाहू. त्यानं काय करायला हवं होतं?

हॉलमधली मीटिंग त्यानं घ्यावी, त्यात गैर काही नाही. पण स्कीम समजते ती दुकानाच्या गल्ल्याशी, डीलरच्या स्वतःच्या आकड्यांवर. मागच्या वर्षी याच तिमाहीत किती उचललं, यंदा आजपर्यंत किती झालं, किती बाकी आहे. तीन आकडे एका कागदावर. सातारा जिल्ह्यात वर्षानुवर्षं फिरलेल्या एका सेल्स ऑफिसरला मी हे करताना पाहिलं आहे. तारीख होती वीस डिसेंबरच्या आसपासची. त्यानं बॅगेतून कंपनीचा खातेउतारा काढला, डीलरनं आपली वही उघडली, आणि दोघं एकेक बिल टिकमार्क करत खाली उतरले.

‘शेठ, ही चोवीस टनांची दोन बिलं नॉन-ट्रेडची. ही स्कीमला नाहीत.’

‘माझ्या नावावर बिल झालंय ना साहेब?’

‘नावावर झालंय. दर बघा ना, दर वेगळा आहे.’

डीलरनं दर पाहिला, पेन्सिलीनं वहीत एक रेघ मारली आणि म्हणाला, ‘मग मला अजून एक गाडी लागणार.’ ऑफिसर म्हणाला, ‘लागणार. पण अठ्ठावीसच्या आत टाका. तीसला सांगाल तर माझ्याच्यानं होणार नाही.’

एवढ्या बोलण्याला दहा मिनिटं लागली असतील. डीलर वयानं मोठा होता, तरी ‘साहेब’ म्हणत होता. पोरगा ‘शेठ’ म्हणत होता, पण नाही म्हणायचं तिथे नाही म्हणाला. या पेशात ‘नाही’ वेळेवर म्हणणारे कमी. आपल्या फलटणच्या डीलरकडे वीस तारखेला कुणी असं बसलं असतं, तर गाडी दोन दिवस आधी निघाली असती आणि वाद उरलाच नसता.

दुसरी गोष्ट पत्राची. स्कीमचं पत्र बहुधा मुख्य कार्यालयात, इंग्रजीत आणि सगळ्या राज्यांसाठी एकच तयार होतं. तालुक्यापर्यंत त्याचा फोटो पोहोचतो. मराठीत एक पानाचं वेगळं पत्र काढायला काहीच खर्च येत नाही. आणि ते काढताना मुदतीचं वाक्य असं लिहू नये: ‘स्कीम ३१ डिसेंबरपर्यंत लागू.’ यातून काहीच कळत नाही. असं लिहावं: ‘१ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०२५ या तारखांची बिलं धरली जातील. ऑर्डर दिल्याची किंवा गाडी दुकानावर पोहोचल्याची तारीख धरली जाणार नाही. २८ डिसेंबरला दुपारी ४ पर्यंत ॲपवर नोंदलेली आणि पैसे जमा असलेली ऑर्डर कंपनीकडे माल नसल्यामुळे उशिरा निघाली, तर ती याच तिमाहीत धरली जाईल.’ शेवटचं वाक्य द्यायला कंपन्या का-कू करतात. पण ते नसेल तर चंद्रपूरकडून येणारा रेल्वेचा रेक दोन दिवस उशिरा लागला म्हणून डीलरचे पैसे बुडतात. रेकवर त्याचा काय ताबा?

पात्रतेच्या बाकीच्या अटी ओळखीच्या आहेत. डीलरचा कोड चालू हवा, कागदपत्रं अद्ययावत हवीत, तिमाहीत चेक परत गेलेला नको. कुठे दर महिन्याला किमान उचलीची अटही असते, म्हणजे सगळा माल शेवटच्या महिन्यात घेऊन स्लॅब गाठता येऊ नये. ती अट खरं तर डीलरच्याच हिताची आहे.

पण एक अट थांबून बघण्यासारखी आहे, ती उधारीची. आपल्या स्कीममध्ये लिहिलं होतं: ‘तिमाहीची सर्व बिलं १५ जानेवारीपर्यंत चुकती असावीत.’ डीलरनं १४ तारखेला चेक दिला. चेक साहेबांच्या हातात पडला तो दिवस धरायचा की खात्यात रक्कम जमा झाली तो? कंपनीची संगणक प्रणाली जमा झालेला दिवस धरते. डीलरच्या मनात हातात दिलेला दिवस असतो. शेवटच्या आठवड्यात चेक न देता आरटीजीएस करावं आणि बँकेचा यूटीआर क्रमांक साहेबांना पाठवून ठेवावा. दुसरा धोका आणखी लपलेला असतो. मागच्या वर्षीचं एखादं वादाचं बिल खात्यावर लोंबकळत असतं. फाटलेल्या बॅगांची नुकसानभरपाई कंपनीनं मान्य केलेली असते, पण क्रेडिट पडलेलं नसतं. दीड-दोन हजारांची बाकी. प्रणालीला ती उधारीच दिसते आणि ती पूर्ण स्कीम अडवते. कंपनीचा खातेउतारा डिसेंबरमध्येच मागवून असली जुनी बाकी मिटवून घ्यावी. जानेवारीत साहेब सुट्टीवर असतात.

क्लेमची गोष्ट इथून सुरू होते. उचलीवरची स्कीम असेल तर सगळी माहिती कंपनीकडेच असते. क्लेम करावा लागत नाही, क्रेडिट आपोआप पडतं असं सांगितलं जातं. पडतंही. पण किती पडलं हे तपासण्याचं काम डीलरचं, आणि आक्षेप घ्यायला मुदत असते. आपल्या स्कीममध्ये ती १५ फेब्रुवारीपर्यंत होती. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच आपला हिशेब काढावा: बिल नंबर, तारीख, माल ट्रेडचा की नॉन-ट्रेडचा, टन. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, ईमेलनं साहेबांना आणि डेपोला. फोनवर झालेलं बोलणं कितीही प्रेमाचं असलं तरी हिशेबात येत नाही. साहेबांची बदली झाली की नवा माणूस फाइल उघडतो आणि त्यात जे असेल तेच खरं धरतो. म्हणून बदलीच्या मोसमात, एप्रिल-मे मध्ये, जुन्या साहेबांकडून राहिलेल्या क्लेमची यादी लिहून सही घ्यावी, मगच निरोपाचा हार घालावा.

क्लेमचे कागद खरोखर लागतात ते दुसऱ्या प्रकारच्या स्कीमला. तिथे डीलरनं पुढे सब-डीलरला किंवा मिस्त्रीला काही दिलेलं असतं आणि ते कंपनीकडून परत घ्यायचं असतं. त्यात पुढच्या दुकानदाराला केलेली बिलं, त्याचा जीएसटी नंबर, मिळाल्याची पोच हे सगळं लागतं. यात सगळ्यात जास्त क्लेम नाकारले जातात ते पोच नसल्यामुळे. बिल असतं, माल गेलेला असतो, पैसेही दिलेले असतात. पण दिले हे दाखवणारा कागद नसतो.

आपल्या फलटणच्या डीलरनंही आक्षेप पाठवला. नॉन-ट्रेडच्या २४ टनांवर त्याला उत्तर मिळालं की दर वेगळा, म्हणून बाद. शेवटच्या गाडीसाठी त्यानं व्हॉट्सॲपचा अंगठा जोडला. उत्तर आलं की ऑर्डर ॲपवर ३१ तारखेला नोंदली गेली, व्हॉट्सॲपवरचा निरोप ऑर्डर धरता येत नाही. नियमानं कंपनी बरोबर होती. साहेबांनी अंगठा दाखवण्याऐवजी ‘शेठ, आत्ताच ॲपवर टाका’ असं लिहिलं असतं तर गाडी एक रात्र आधी रांगेत लागली असती, हेही तितकंच खरं. त्या अंगठ्याची किंमत ३६ हजारांवर गेली. ती गाडी निदान जानेवारीच्या खात्यात जाईल, पुढच्या तिमाहीला स्कीम आली तर.

८३,४४० ची क्रेडिट नोट हातात आली की पुढचा प्रश्न कराचा. तो डीलर सहसा आपल्या सीएवर सोपवतो आणि सीए ती नोट वेळेवर मिळत नाही म्हणून वैतागतो. नोट दोन प्रकारची असते. एक जीएसटीसह: कंपनी ८३,४४० वरचा १८ टक्के करही कमी करते, म्हणजे १५,०१९ रुपये आणि वीस पैसे. मग डीलरनं माल घेताना या रकमेवर जो कर वजा करून घेतला होता, तो त्याला परत भरावा लागतो. दुसरी साधी व्यापारी नोट: कराला हात न लावता फक्त ८३,४४० खात्यावर जमा. १२ सप्टेंबर २०२५ च्या केंद्रीय जीएसटी परिपत्रकानं हे स्पष्ट केलं आहे की अशा साध्या नोटेवर डीलरला घेतलेला कर परत भरायची गरज नाही. दोन्हीत डीलरचं निव्वळ उत्पन्न सारखंच. चूक होते ती प्रकार न पाहता. करासह असलेल्या नोटेचे ९८,४५९ रुपये खात्यात दिसतात आणि डीलर पंधरा हजार जास्त मिळाले म्हणून खूश होतो. तीन महिन्यांनी नोटीस येते. म्हणून नोट आली की त्याच दिवशी तिचा फोटो सीएला जावा, महिन्याचं रिटर्न भरायच्या आत.

स्कीम रोख नसून वस्तूची किंवा सहलीची असेल तर आयकराचा नियम वेगळा. १ जुलै २०२२ पासून १९४आर या कलमानं, एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ वस्तूरूपात दिला तर त्यावर १० टक्के टीडीएस आला. पॅन नसेल तर दर दुप्पट. बिलावरची सूट किंवा खात्यावर पडणारं डिस्काउंट यात येत नाही, ते सरकारनं त्याच वेळी स्पष्ट केलं होतं. सोन्याचं नाणं, टीव्ही, मोटारसायकल, बँकॉकची सहल हे मात्र येतं. सहलीची किंमत १,१०,००० असेल तर ११,००० रुपये टीडीएस. आता सहलीतून ११ हजार कापून घेता येत नाहीत. मग एकतर डीलर आधी ते भरतो, किंवा कंपनी स्वतःच्या खिशातून भरते आणि त्यामुळे लाभाची किंमत आणखी वाढते. मुलाला किंवा भाच्याला सहलीला पाठवलं तरी लाभ डीलरच्याच नावावर धरला जातो, आणि आयकराच्या वार्षिक विवरणात तो दिसतो. मीटिंगमध्ये सहलीचा फोटो दाखवताना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं. बऱ्याच दुकानदारांना पंधरा दिवस दुकान सोडणं जमतही नाही. त्यांच्यासाठी तेवढ्याच किमतीची खात्यावरची सूट जास्त उपयोगी असते. पत्रात तसा पर्याय आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारावं. नंतर विचारलं तर यादी वर गेलेली असते.

डीलरांना इतकंच सांगणं: पुढची स्कीम जाहीर झाली की पत्र लेखी मागा, त्यात माल, तारीख आणि पैसे या तिन्हींची व्याख्या आहे का ते बघा, आणि तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात वीस तारखेला कंपनीचा खातेउतारा समोर ठेवून बिलं जुळवा. तोवर त्या स्कीमच्या भरवशावर बॅगेचा भाव खाली आणू नका.